चौदा भावंडं, एक फोटो आणि न सुचणारं कॅप्शन

पत्र

आम्ही आते-चुलत मिळून सतरा भावंडं. 2019 नंतर पहिल्यांदाच यंदा मे महिन्यात कणकवली तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी चौदा जण जमलो. निघायच्या आदल्या दिवशी खळ्यात फोटो काढला. सकाळपासून रातांबे फोडत होतो, म्हणून सगळ्यांची बोटं जांभळी. दोन पोरं रडतायत आणि गावचं घर सांभाळणारा दादा कोपऱ्यात अर्धाच आलाय. कॅप्शनचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण शाळेत माझे निबंध वर्गात वाचून दाखवायचे. अट अशी की हसूही यायला हवं आणि गळाही दाटायला हवा. चार मसुदे पाठवले. 'गेले ते दिवस, उरल्या त्या आठवणी' सगळ्यांना रडकं वाटलं. चुलतभाऊ विहिरीत पडला होता त्या किश्शावर त्याची बायको गप्प झाली. 'गाव अजून तस्संच आहे' वाचून दादा नुसता 'बरा आसा' म्हणाला आणि उठून गेला. 'सातबाऱ्यावर नाव असो-नसो, ओटीवर जागा आमचीच' यावर काका चिडले, कारण वाटण्या अजून व्हायच्या आहेत. आजी जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या माघारी गंमत करावी का, हेही कळत नाही. काय लिहू?

— ओटीवरची मधली, ठाणे

उत्तर

प्रिय मधली,

पहिल्या मसुद्यापासून सुरुवात करू, कारण तो सगळ्यात निरुपद्रवी दिसतो आणि खरी गोम तिथेच आहे. ती ओळ रडकी आहे असं तुमच्या भावंडांना वाटलं. मला ती रडकी नाही, परकी वाटते. नागपूरच्या एखाद्या वाड्यातल्या फोटोखाली ती चालेल, साताऱ्याच्या मळ्यात चालेल, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहसंमेलनाला तर हमखास चालेल. कॅप्शन लिहिलं की एक परीक्षा घ्यायची: ते दुसऱ्या कुणाच्या फोटोखाली डकवून पाहायचं. तिथेही ते खपत असेल, तर तुमच्या फोटोबद्दल त्यात काहीच नाही. 'बालपण', 'आठवणी', 'ते दिवस', 'मायेचं घर' हे सगळे शब्द असे कुणाच्याही दारात उभे राहणारे आहेत. गळा त्यांनी दाटत नाही. वाचणारा मान डोलावतो, बदाम टाकतो आणि पुढे सरकतो.

आता तुमच्या भावंडांची ती अट. हसू एक चमचा आणि हुरहुर एक चमचा असं मोजून मिसळायचं आहे, असं धरून तुम्ही बसला आहात. म्हणून एक मसुदा निव्वळ हळवा झाला, एक निव्वळ किस्सा झाला, आणि आता दोन्ही जोडायचे कसे हा प्रश्न पडला. पण गावच्या घरातली गंमत आणि हुरहुर या दोन वेगळ्या बरण्यांत नसतात. ज्या गोष्टीने तेव्हा वैताग आला होता तीच आज आठवून पोटात कालवतं, आणि हसू येतं ते त्या वैतागाचं. तेव्हा शोधायचं काय, तर वैताग. मे महिन्यात त्या घरात तुम्हाला कशाचा कंटाळा यायचा? कोणत्या कामाला कोण दडी मारायचं? दुपारी कुणाला झोपू दिलं जायचं नाही? 'मजा' आठवायला बसलात तर आंबे आणि झोपाळा यापलीकडे हाताला काही लागत नाही. वैताग आठवला की माणसं, आवाज, वास सगळं आपसूक येतं.

तुमच्या पत्रात हा ऐवज आधीच आहे आणि तुम्ही तो जाता जाता एका वाक्यात उरकला आहे: जांभळी बोटं. मला तर तुमचं कॅप्शन तिथेच दिसलं.

रातांबे फोडणं म्हणजे काय हे कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. पिकलेला लालभडक रातांबा मधोमध फोडायचा, आतला गर बियांसकट एका पातेल्यात, सालं दुसऱ्या. गरात मीठ टाकलं की रस सुटतो. त्या रसात सालं बुडवायची आणि उन्हात पसरायची. वाळली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. असं चार-पाच वेळा झालं की सालं काळपट आणि चिवट होतात, तेव्हा कुठे त्याला आमसूल म्हणायचं. एका दिवसाचं काम नव्हे. मध्येच वळीव आला तर सगळी सालं उचलून पडवीत पळवायची, नाहीतर बुरशी धरते. घरात माणसं कमी आणि रातांब्याच्या टोपल्या जास्त, अशा वेळी मुंबईहून आलेली डझनभर पोरं आजीला काय वाटत असतील? पाहुणे तर नक्कीच नाहीत. तुमच्या आजीने एका वाक्यात तुम्हाला कामाला लावलं असणार. मालवणी मुलखातली कुठलीही आजी म्हणते तेच: 'उठा रे, रातांबे फोडूक बसा.'

आता हे घेऊन तुमच्यासमोरच लिहून पाहू. पहिला खर्डा असा होईल:

'आजी रातांबे फोडायला बसवायची, त्या सोनेरी दिवसांची आठवण झाली.'

यात रातांबे आले ते चांगलं झालं, पण 'सोनेरी दिवस' पुन्हा शिरले. शिवाय 'आठवण झाली' म्हणजे भावना वाचकाला सांगून टाकली. त्याला स्वतःहून वाटून घ्यायला काही ठेवलंच नाही. दोन्ही काढू आणि आजीला बोलू देऊ:

'"उठा रे, रातांबे फोडूक बसा." आम्हाला वाटायचं सुट्टी आहे. आजीला वाटायचं मजूर आलेत.'

हे बरं झालं. हसू आलं, आणि आजी तिच्या आवाजात आली. पण अजून हे तेव्हाचं आहे. फोटो आजचा आहे. फोटोतली चौदा माणसं आज काय करतायत हे जोडल्याशिवाय काळ सरकल्याचं जाणवत नाही, आणि हुरहुर म्हणजे शेवटी काळ सरकल्याचीच जाणीव. म्हणून आणखी एक ओळ:

'"उठा रे, रातांबे फोडूक बसा." आम्हाला वाटायचं सुट्टी आहे. आजीला वाटायचं मजूर आलेत. यंदा कुणी न सांगता चौदा जण बसलो.'

'कुणी न सांगता' एवढ्यातच सांगणारी आता नाही हे आलं. 'आजी, तू वरून बघत असशील' असं लिहायची गरज उरली नाही, हात जोडलेला इमोजी टाकायचीही नाही. तिच्या माघारी गंमत करावी का, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे: तिच्यावर करू नका, तिची करा. म्हणजे तिचं वाक्य, तिचा हुकूम, तिचा हिशेब जसाच्या तसा ठेवा आणि फजिती तुमची होऊ द्या. गेलेल्या माणसाला हळव्या विशेषणांत गुंडाळलं की ते सगळ्यांच्या आज्यांसारखं दिसायला लागतं. मजूर मोजणारी आजी फक्त तुमची. अर्थात तिचं नेमकं वाक्य काय होतं हे तुम्हालाच ठाऊक. मी वर घातलं आहे ते काढून खरं घाला. तिने शिवी घातली असेल तर शिवी घाला, आत्याला विचारून.

एक धोक्याची सूचना. हात सैल सुटला की पुढे लिहावंसं वाटेल, 'आणि दोन किलो आमसुलं करून ठाण्याला घेऊन आलो.' नका लिहू. सकाळी फोडलेल्या रातांब्याची दुसऱ्या दिवशी आमसुलं होत नाहीत, आणि हे न कळणारा माणूस तुमच्या गावात एकही नसेल. गमतीत अतिशयोक्ती चालते. चुकीची माहिती मात्र गावाकडचा वाचक लगेच पकडतो, आणि मग तुमच्या बाकीच्या हळवेपणावरचाही त्याचा विश्वास उडतो. सालं अजून वाळतायत, ती उलटणारा माणूस गावातच राहिला आहे, आणि तुम्ही गाडीत बसला आहात. हे खरं आहे, आणि कॅप्शनला ते जास्त उपयोगी आहे.

इथून मी दादाकडे येते, कारण त्याच्या 'बरा आसा'कडे तुमचं लक्ष गेलं ही तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मालवणी माणसाचं 'बरा आसा' कधी शाबासकी असतं आणि कधी विषय संपवणं. उठून गेला म्हणजे कुठलं होतं ते उघड आहे.

'गाव अजून तस्संच आहे' हे वाक्य चाकरमान्याला प्रेमाचं वाटतं. गावात राहणाऱ्याला ते कसं ऐकू येत असेल? घर तसंच राहतं कारण कुणीतरी ते तसं राखतं. मे महिना तुमची सुट्टी असतो आणि त्याची घाई. मृग 7 जूनच्या आसपास लागतो. त्याआधी कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची, म्हणजे शाकारणी उरकायची. वर्षभराचा लाकूडफाटा कोरडा असतानाच पडवीत रचायचा. शेवटच्या आंब्यांचं काय करायचं ते बघायचं. आणि त्यातच चौदा माणसं, त्यांची पोरं, त्यांचे मोबाइल चार्जिंगला. आता कौलांना गडी मिळणं किती कठीण झालंय आणि मिळाला तर मजुरी किती, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं का ते मला माहीत नाही. ज्याच्या डोक्यात हे सगळं चालू आहे, त्याला 'काही बदललं नाही' असं कुणी ऐकवलं तर तो 'बरा आसा' म्हणेल नाहीतर काय म्हणेल?

पण आता याची भरपाई म्हणून दुसऱ्या टोकाला जाऊ नका. 'आमच्या घराचा आधारवड, आमचा दादा' असलं काही लिहिलंत तर तो फोटोतून उरलेला अर्धाही बाहेर जाईल. त्याला सत्कार नको असणार. त्याला तुमच्यातलाच एक म्हणून कॅप्शनमध्ये यायचं असेल, आणि भावंडांत आपल्यातला असण्याची खूण म्हणजे टोमणा मारायचा हक्क. तो हक्क त्याला द्या. शेवटची ओळ त्याची असू द्या. म्हणजे असं:

'"उठा रे, रातांबे फोडूक बसा." आम्हाला वाटायचं सुट्टी आहे. आजीला वाटायचं मजूर आलेत. यंदा कुणी न सांगता चौदा जण बसलो. दादा म्हणाला, मजूर बरे होते.'

मी ही ओळ त्याच्या तोंडी घातली आहे ती नमुन्यादाखल. तुम्ही त्याला फोन करा आणि सरळ विचारा: आम्ही दिवसभर जे फोडून ठेवलं, त्याबद्दल तुझं खरं मत काय? साली अर्ध्या टाकून दिल्या, बिया रसात पडल्या, एकाने मीठच दोनदा घातलं, असं काहीतरी त्याच्याकडे असणारच. तो जे बोलेल ते बहुधा माझ्या ओळीपेक्षा जास्त विनोदी निघेल. ते त्याच्याच भाषेत ठेवा, पुस्तकी करून घेऊ नका. आणि फोटो कापून चौकोनी करू नका. तो कोपऱ्यात अर्धा आहे तसाच राहू द्या. उरलेला अर्धा कुठल्या कामाला निघाला होता हे घरच्यांना कळेल.

विहिरीच्या किश्शाबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण या एका गोष्टीवरून किती घरांचे फॅमिली ग्रुप थंड पडतात याची पत्रं मला दर जूनमध्ये येतात.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कोण विहिरीत पडलं, कोण पावट्याच्या उसळीने आजारी पडलं, कुणाची चड्डी काजूच्या झाडावर राहिली, हे भावंडांच्या मैफलीत हजारदा सांगून झालेलं असतं. तिथे ते चालतं, कारण ज्याच्यावर हसायचं तो समोर असतो, उलटून बोलू शकतो, आणि तुमचीही एक चड्डी त्याच्याकडे गहाण असते. कॅप्शनमध्ये तो गप्प असतो. शिवाय ते वाचायला त्याचे सहकारी, त्याचे सासरे, त्याच्या मुलीच्या वर्गातल्या मुली असतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आता फोटो पुढे पाठवताना त्याच्याखाली लिहिलेलंही सोबत जाऊ शकतं. तुमच्या ग्रुपसाठी लिहिलेली ओळ तासाभरात कुणाच्या सासरच्या ग्रुपवर असेल, सांगता येत नाही.

मग किस्सा वापरायचाच नाही का? माझी फूटपट्टी साधी आहे. या भेटीत तो किस्सा त्याने स्वतः सांगितला का? सांगताना रंगवून, हातवारे करून सांगितला का? तसं असेल तर तो त्याचा किस्सा आहे आणि त्याची परवानगी मिळणं सोपं आहे. दुसऱ्या कुणी सांगितला आणि तो नुसता हसला असेल, तर सोडून द्या. त्याची बायको गप्प झाली म्हणजे तिला विनोद कळत नाही असं नव्हे. कदाचित विहिरीत पडणं तुमच्यासाठी किस्सा असेल, आणि त्याने घरी एकट्या तिला त्याची भीती सांगितली असेल. हे शोधून काढायला जाऊ नका. जाड्या-बारक्यांवरचे, लग्न न झालेल्यांवरचे, नोकरी गेलेल्यांवरचे विनोद तर मुळीच नकोत. ते ओटीवरही नको होते. 'आम्ही' या शब्दावर हसू काढा. 'आम्ही चौदा जण, न्हाणीघर एक, आणि पहाटे सगळ्यात आधी उठून बंब पेटवणारी काकू' यात कुणाचं नाव नाही आणि ज्याला झोंबायचं त्याला झोंबतंच.

सातबाऱ्याचं थोडक्यात आटोपते. ती ओळ शब्दांच्या दृष्टीने चारही मसुद्यांत सगळ्यात चांगली होती, हे मला कबूल करावं लागेल. पण वाटण्या व्हायच्या असलेल्या घरात तिला फक्त एकच अर्थ निघतो, आणि तो काकांनी बरोबर काढला. हक्काची बोलणी करायची असतील तर ती समोर बसून, कागद हातात घेऊन करायची असतात. जाता जाता सांगते, सातबारा जमिनीचा. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये असते. म्हणजे विनोद कागदोपत्रीही कच्चाच होता. 'आमचं घर', 'वडिलोपार्जित', 'वारस' हे शब्द यंदाच्या कॅप्शनमधून वगळा. 'खळ्यात', 'ओटीवर', 'मागीलदारी' असं लिहा. जागेचं नाव घेतलं की मालकीचा प्रश्न निघत नाही.

जे तिघे आले नाहीत त्यांच्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण कॅप्शन वाचून सगळ्यात जास्त दुखणार ते त्यांनाच. 'मिस यू' लिहू नका. ते हजेरीत गैरहजर मांडल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा त्यांच्याशी भांडा: 'न आलेल्या तिघांच्या वाटणीचे आंबे रीतसर संपवण्यात आले आहेत.' सरकारी भाषेतला हा निरोप त्यांना फोन करायला लावेल. आंब्याच्या वाटणीला कुणाची हरकत नसावी, काकांचीही.

आता लांबी आणि ठिकाण. फॅमिली ग्रुपवर आणि इन्स्टाग्रामवर एकच कॅप्शन टाकायचं हा आग्रह सोडा. ग्रुपवर सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, तिथे लांब लिहिलं, टोपणनावं घातली, मालवणी घातली तरी चालतं. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला 2200 अक्षरांची मुभा आहे खरी, पण पोस्टखाली दिसतात त्या सुरुवातीच्या ओळी, साधारण सव्वाशे अक्षरांपर्यंत. पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. त्यात आपली लिपी. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायची खूण हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं; 'स्त्री' लिहिलं की सहा अक्षरं संपली. म्हणजे मराठीत तुमच्या हाताशी जेमतेम पंधरा-अठरा शब्द आहेत. म्हणून आजीचं वाक्य अगदी पहिलं ठेवा. 'खूप वर्षांनी सगळे एकत्र जमलो आणि' अशी प्रस्तावना केलीत तर आजी घडीच्या आत जाईल. स्टेटसवर तर इतकंच पुरे:

'बोटं जांभळी. रातांबे संपले. मजूर ठाण्याला परत.'

पोस्ट करायची वेळही बघा. गावात असतानाच टाकलं तर मुंबई-ठाण्यातली कुणाकुणाची घरं बंद आहेत हे जगजाहीर होतं. परत येऊन, कुलूप उघडून मग टाका. बोटांचा रंग तोवर जाणार नाही. रडणाऱ्या त्या दोन पोरांच्या आयांना एकदा विचारा. बहुतेक जणी हो म्हणतात, पण न विचारता टाकलेलं कुणाला आवडत नाही. आणि फोटोत उघडीवाघडी, आंघोळीला निघालेली पोरं असतील तर तो फोटो ग्रुपपुरताच ठेवा.

हे सगळं कोकणाचं झालं. घाटावरच्या वाचकांकडे रातांबे नसतील, पण त्यांच्याकडे कुरडया आहेत. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून तो शिजवायला घेतला की घरातली सगळी पोरं वाट्या घेऊन चुलीभोवती गोळा व्हायची. गरम चिकावर तेल घालून खायचं. मग उरलेल्याच्या कुरडया गच्चीवर पडायच्या आणि तीच पोरं काठी देऊन राखणीला बसवली जायची. त्यांच्या फोटोखाली लिहिता येईल: 'कावळ्यांपासून कुरडया राखायला आम्हाला बसवलं होतं. आमच्यापासून राखायला कुणीच नव्हतं.' विदर्भात गच्चीवर अंथरुणं टाकून, पाणी शिंपडून, कडेची जागा कुणाची यावर भांडून झोपलेली भावंडं असतील. तिथे कॅप्शन त्या कडेच्या जागेचं. आपापल्या घरातला वैताग आठवा, आणि त्या वैतागाचं जे नाव तुमच्या घरात होतं तेच लिहा.

शेवटी, टाकल्यानंतरची एक गोष्ट. पहिल्या तासात तीन सूचना येतील: एक काकू म्हणेल माझा उल्लेख नाही, एक भाऊ म्हणेल इंग्रजीत पण टाक, आणि कुणीतरी शुद्धलेखन काढेल. शुद्धलेखन तेवढं सुधारा, बाकी हात लावू नका. प्रत्येकाला एक ओळ देत गेलात तर लग्नपत्रिका होईल. आत्याला मोबाइलवर चेहरे नीट दिसत नसतील तर तिला फोन लावा आणि डावीकडून उजवीकडे एकेकाचं नाव सांगा, रडणाऱ्या पोरांसकट. ती मध्येच थांबवून 'हा कुणाचा गे?' म्हणून विचारेल, तेवढा वेळ हाताशी ठेवा.